पत्र भाडेकरूचं, सही मालकाची

पुण्यातल्या आमच्या गृहनिर्माण सोसायटीत मी काही वर्षं सचिव होतो. त्या काळात आवाजाच्या तक्रारी पुष्कळ आल्या. गाडी लावण्याच्या जागेवरून आणि छतातल्या गळतीवरून जेवढी भांडणं होतात, त्यांच्या खालोखाल ही. त्यातल्या भाडेकरूंच्या तक्रारींचं एक ठरावीक रूप असे. रात्री दोन वाजता सचिवाला व्हॉट्सॲपवर निरोप यायचा : ‘वरच्या मजल्यावर प्रचंड आवाज आहे, काहीतरी करा.’ सकाळी सचिव वर जाऊन दोन शब्द बोलून यायचा, आठवडाभर शांतता असायची आणि मग पुन्हा तेच. चार महिन्यांनी तक्रार करणारं कुटुंब घर सोडून जायचं, आणि सोसायटीच्या दप्तरात त्या चार महिन्यांची एका ओळीचीही नोंद नसायची.

एका ताईंची तक्रार मात्र वेगळ्या वाटेने आली आणि सुटली. या प्रकरणात तीच पाहू. ओळख पटू नये म्हणून फ्लॅटचे क्रमांक बदलले आहेत. त्या आणि त्यांचे पती तिसऱ्या मजल्यावर ३०४ मध्ये भाड्याने राहत होते. ताई परिचारिका, सकाळची ड्यूटी असली की पहाटे पाचला उठून सव्वासहाची बस धरायच्या. वर ४०४ मध्ये चार तरुण मुलं, तीही भाडेकरूच. ३०४ चे मालक निवृत्त गृहस्थ, मुक्काम नाशिकला. ताई त्यांना काका म्हणत.

समितीचं दार कोणासाठी उघडतं

आधी भाडेकरू नेमका कुठे उभा असतो ते पाहू. महाराष्ट्रातली सहकारी गृहनिर्माण सोसायटी म्हणजे ‘महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०’ खाली नोंदलेली संस्था. तिचे सभासद म्हणजे फ्लॅटचे मालक. आपण ज्याला सरसकट भाडेकरार म्हणतो तो बहुतेक वेळा ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करार असतो, आणि तो मालक व भाडेकरू या दोघांमध्येच झालेला असतो. सोसायटी त्यात नसते. काही सोसायट्या भाडेकरूला नाममात्र सभासद करून घेतात, पण नाममात्र सभासदाला मत नसतं आणि कारभारात भागही नसतो.

आता सोसायटीचे उपविधी पाहा. राज्याच्या सहकार खात्याचे आदर्श उपविधी बहुतेक सोसायट्यांनी थोड्याफार फरकाने स्वीकारलेले आहेत. कोणत्याही सभासदाने आपल्या फ्लॅटमध्ये इतर सभासदांना उपद्रव, त्रास किंवा गैरसोय होईल असं काही करू नये, आणि दुसऱ्यालाही करू देऊ नये, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. २०१४ च्या आदर्श उपविधींत हे कलम ४८ व्या क्रमांकावर आहे. तुमच्या सोसायटीच्या प्रतीत क्रमांक वेगळा असू शकतो, म्हणून पत्रात लिहिण्याआधी प्रत उघडून बघावी. असा त्रास थांबवण्यासाठी समिती स्वतःहून किंवा तक्रार आल्यावर पावलं उचलू शकते, असंही तिथेच म्हटलं आहे. तक्रारीची रीतही पुढे दिली आहे. सभासदाने लेखी अर्ज द्यायचा, समितीने लगतच्या बैठकीत त्यावर निर्णय घ्यायचा आणि तो त्यानंतर १५ दिवसांत सभासदाला कळवायचा.

या सगळ्या वाक्यांत ‘सभासद’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. भाडेकरूने सचिवाला सांगायला कोणाचीच मनाई नाही, आणि चांगला सचिव ऐकतोही. पण त्याच्या सांगण्याला मुदत लागू होत नाही. तेच मालकाच्या सहीने गेलं की तो सभासदाचा अर्ज होतो : तो बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा लागतो, इतिवृत्तात त्याची नोंद होते आणि उत्तर द्यावं लागतं. त्यामुळे भाडेकरूच्या तक्रारीचं पहिलं पत्र मालकाला जायला हवं, आणि मालकाला ते फारसे कष्ट न घेता पुढे पाठवता येईल, असं लिहायला हवं.

‘करू देऊ नये’ हे शब्दही ध्यानात ठेवायचे. ४०४ मधली मुलं सभासद नव्हती, पण ४०४ चा मालक होता. भाडेकरूंच्या वागण्याची जबाबदारी या शब्दांमुळे त्याच्यापर्यंत पोहोचते. शिवाय भाडेकरूने शेजाऱ्यांना त्रास देऊ नये आणि सोसायटीचे नियम पाळावेत, हे कलम बहुतेक करारांत असतंच. त्याचा भंग झाला तर नोटीस देऊन करार संपवण्याची सोयही असते. म्हणजे मुलांवर खरा धाक त्यांच्या मालकाचा होता, आणि त्या मालकाला लेखी जाब विचारण्याचा अधिकार समितीचा. ताईंच्या हातात यातलं काहीच नव्हतं. त्यांच्या हातात फक्त काकांना लिहिणं होतं.

आधी आवाज ओळखायचा

लिहिण्याआधी दोन कामं करायची असतात. पहिलं म्हणजे दिवसाउजेडी शेजाऱ्याशी एकदा शांतपणे बोलणं. ताई एका रविवारी अकराच्या सुमारास वर गेल्या. “मी खालच्या ३०४ मधली. रात्री एक-दीडनंतर खुर्च्या ओढल्याचा आणि स्पीकरचा आवाज थेट आमच्या बेडरूममध्ये येतो. मला पहाटे पाचला उठावं लागतं,” एवढंच त्या म्हणाल्या. मुलांनी “सॉरी ताई, लक्षात ठेवू” म्हटलं. तीन-चार रात्री शांततेत गेल्या, मग गाडी मूळ पदावर. तरी ही भेट फुकट गेली नाही, कारण समितीत हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘तुम्ही त्यांच्याशी बोललात का?’ त्याचं उत्तर त्यांच्याकडे तारखेसह होतं.

दुसरं काम म्हणजे आवाज नेमका कुठून आणि कशाचा येतो ते ओळखणं. इथे भल्याभल्यांची फसगत होते. आवाज दोन वाटांनी येतो. बोलणं, गाणं, टीव्ही यांचा आवाज हवेतून येतो; खिडकी लावली की तो बराच कमी होतो. खुर्ची ओढणं, जमिनीवर काही आपटणं, मिक्सर, घरघंटी, फरशीवर ठेवलेला स्पीकर यांचे हादरे मात्र थेट काँक्रीटमध्ये शिरतात. आपल्याकडे फरशी स्लॅबवर सिमेंट-वाळूत पक्की बसवलेली असते आणि मध्ये हादरा शोषणारं काही नसतं. त्यामुळे वरच्याची फरशी आणि खालच्याचं छत मिळून एकच घट्ट पडदा होतो, ढोलाच्या पानासारखा. या आवाजावर खिडकी लावून काही उपयोग होत नाही, आणि कानांत कापूस घातला तरी धडधड जाणवत राहते. उपाय आवाज निघतो तिथेच करावा लागतो.

या आवाजाची दुसरी खोड म्हणजे तो दिशा चुकवतो. हादरा कॉलम आणि बीममधून पसरतो. त्यामुळे डोक्यावर वाटणारा आवाज प्रत्यक्षात शेजारच्या उभ्या रांगेतला किंवा दोन मजले वरचा असू शकतो. मी सचिव असताना एका आजोबांनी वरच्या घराविरुद्ध दोनदा तक्रार केली होती. शेवटी कळलं की ते घर गावी गेल्यामुळे बंद होतं आणि घरघर तिरक्या फ्लॅटमधल्या घरघंटीची होती. चुकीच्या दारावर गेलेली तक्रार सगळ्यांत महाग पडते, कारण पुढची खरी तक्रारही कोणी मनावर घेत नाही. पडताळणी सोपी आहे. आवाज चालू असताना जिन्यातून वरच्या मजल्यावर जाऊन एक मिनिट उभं राहायचं, आणि शेजारच्या घरातही तो येतो का ते विचारायचं. ताईंचे पती दोनदा जाऊन आले. स्पीकर आणि मिक्सर दोन्ही ४०४ च्या दाराबाहेर स्वच्छ ऐकू येत होते, आणि ३०३ मधल्या आजीही तेच सांगत होत्या.

चौदा रात्रींची वही

मग ताईंनी वही घातली. एका ओळीत चारच गोष्टी : कधीपासून कधीपर्यंत, कसला आवाज, कोणत्या खोलीत, काय परिणाम. तारखेची एक गंमत त्यांनी बरोबर पकडली. रात्री बारानंतर तारीख बदलते आणि लोक एकाच रात्रीला दोन वेगवेगळ्या तारखा सांगून बसतात. म्हणून त्यांनी प्रत्येक नोंद ‘रात्र’ धरून केली :

‘२८-२९ जून, शनिवार रात्र. ११:१० ते २:५०. मोठ्याने गाणी, सात-आठ माणसांचे आवाज, नाचल्याचे हादरे. हॉल आणि बेडरूम दोन्हीकडे.’

‘१-२ जुलै, मंगळवार रात्र. १:२० ते २:०५. हॉलच्या छतावर खुर्च्या ओढल्या, मोजल्या तेव्हा ९ वेळा. १:४० ला मिक्सर. जाग आली ती पाचपर्यंत पुन्हा झोप नाही.’

‘४-५ जुलै, शुक्रवार रात्र. काही नाही.’

आवाज न आल्याची रात्र लिहिणं तितकंच गरजेचं आहे. एक तर त्याने वही विश्वासार्ह होते. ‘रोज रात्रभर’ लिहिणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. दुसरं म्हणजे रिकाम्या रात्री कारण सांगून जातात. २७ जून ते १० जुलै या चौदा रात्रींपैकी अकरा रात्री आवाज होता. त्यांतल्या नऊ कामाच्या दिवसांच्या रात्री होत्या. आवाज सव्वाच्या सुमारास सुरू होऊन दोन-सव्वादोनला थांबत होता. दोन शनिवार होते आणि ते तीनपर्यंत लांबले होते. शांत रात्री तीन : दोन रविवार आणि ४ जुलैचा शुक्रवार. ४ जुलै म्हणजे अमेरिकेची सुट्टी. मुलं अमेरिकी कंपन्यांच्या वेळेवर काम करत होती, कंपनीची गाडी त्यांना एकच्या पुढे दारात सोडत होती, आणि आपण जे संध्याकाळी सात वाजता करतो ते ती रात्री दीडला करत होती : खुर्च्या ओढून जेवायला बसणं, मिक्सरवर काहीतरी फिरवणं, थोडं गाणं लावणं.

हे कळल्यावर तक्रारीचा सूर आपोआप बदलला. माजलेली मुलं हे चित्र गेलं. राहिले एक वेळापत्रक आणि तीन वस्तू : खुर्च्या, मिक्सर, स्पीकर. शनिवारची पार्टी हा वेगळा विषय.

फोनवरच्या डेसिबल मोजणाऱ्या ॲपचा मोह ताईंनाही झाला. त्यावर आकडा दिसला ४५ च्या आसपास, म्हणजे वरवर पाहता काहीच नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात आवाजाची मर्यादा रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आणि दिवसा ५५ आहे. पण ती परिसरातल्या आवाजाची, काही वेळेच्या सरासरीने मोजलेली मर्यादा आहे. खुर्चीचा एक दणका क्षणभराचा असतो. सरासरीत तो विरघळतो, झोपमोड मात्र होतेच. फोनचा माईकही त्या कामासाठी बनवलेला नसतो. म्हणून अशा आवाजासाठी आकड्यापेक्षा वही भक्कम. मोठ्याने लावलेल्या गाण्यांची गोष्ट वेगळी. तिथे हे नियम थेट लागू पडतात आणि फोनवर केलेलं मिनिटभराचं ध्वनिमुद्रणही कामी येतं.

मालकाला पत्र

आता मालकाच्या बाजूने पाहू. काका नाशिकला. त्यांना हवं ते असं : भाडं वेळेवर यावं, भाडेकरू टिकावा, समितीशी वाकडं येऊ नये. भाडेकरूने फोनवर नुसता त्रागा केला तर ते “बघतो, बोलतो सेक्रेटरींशी” म्हणतात आणि विसरतात. काय लिहायचं, कोणाला, कोणत्या नियमाखाली, हे त्यांना ठाऊक नसतं. म्हणून ताईंनी आधी फोन केला. “काका, एक पत्र पाठवतेय. तुम्हाला फक्त वाचून सही करायची आहे, बाकी सगळं मी तयार केलंय.” आणि मग हे पत्र ईमेलने पाठवलं :

‘दिनांक १२ जुलै

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

विषय : वरच्या फ्लॅटमधून रात्री होणारा आवाज, सोसायटीच्या समितीकडे अर्ज देण्याबाबत विनंती.

आपल्या ३०४ क्रमांकाच्या फ्लॅटच्या वर, ४०४ मधून रात्री दहानंतर नियमित आवाज होतो. २७ जून ते १० जुलै या चौदा रात्रींत अकरा रात्री तो झाला. कामाच्या दिवशी साधारण सव्वा ते सव्वादोन या वेळेत खुर्च्या ओढणं, मिक्सर आणि स्पीकर. दोन शनिवारी रात्री अकरापासून तीनपर्यंत मोठ्याने गाणी. नोंदींची प्रत सोबत आहे. मी २२ जूनला स्वतः वर जाऊन त्यांच्याशी बोलले. काही दिवस फरक पडला, नंतर पुन्हा सुरू झालं. ३०३ मध्येही आवाज ऐकू येतो आणि तसं सांगायला तिथल्या आजी तयार आहेत.

मला पहाटे पाचला उठावं लागतं. रुग्णांना औषधं देण्याचं काम अर्धवट झोपेत करण्याची मला भीती वाटते.

मी या सोसायटीची सभासद नाही, त्यामुळे माझ्या अर्जावर समितीने निर्णय द्यावा असं बंधन नाही. आपण सभासद आहात. म्हणून दोन विनंत्या आहेत. सोबतचा अर्ज आपल्या सहीने सचिवांना पाठवावा आणि त्याची पोच घ्यावी. तसंच, या विषयावर समितीपुढे मी माहिती देऊ शकेन असं लहानसं प्राधिकारपत्र द्यावं, म्हणजे आपल्याला नाशिकहून यावं लागणार नाही.

त्या मुलांना घराबाहेर काढावं असं माझं म्हणणं नाही. रात्रीची झोप मिळावी एवढंच आहे.

आपली,’

आणि खाली नाव, फ्लॅट क्रमांक, फोन.

यात घर सोडून जाण्याची किंवा भाडं थांबवण्याची धमकी नाही, हे लक्षात घ्या. भाडं थांबवणं तर कधीच करू नये. आवाज शेजारी करतो आणि कराराचा भंग भाडेकरूच्या नावावर लागतो. घर सोडायचंच झालं तर करारातला लॉक-इनचा काळ आणि नोटिशीचे दिवस आधी वाचावेत आणि तो विषय वेगळ्या पत्रात घ्यावा.

समितीसाठीचा अर्ज

सोबतचा अर्ज आणखी छोटा होता, काकांच्या तोंडून लिहिलेला आणि सचिवांच्या नावे. त्यात आवाजाची वेळ आणि स्वरूप दोन ओळींत, त्रास न देण्याबाबतच्या उपविधीचा उल्लेख, आणि वहीची प्रत जोडल्याची नोंद होती. पण तो चालला तो शेवटच्या परिच्छेदामुळे. ‘योग्य ती कारवाई करावी’ हे आपल्या अर्जांतलं पेटंट वाक्य. समितीला त्यातून काय करायचं ते कळत नाही, म्हणून ती काहीच करत नाही. ताईंनी त्याऐवजी पाच ठोस मागण्या लिहिल्या. समितीने ४०४ च्या सभासदांना लेखी कळवावं आणि त्यांनी आपल्या भाडेकरूंना लेखी समज द्यावी. खुर्च्या-टेबलांच्या पायांना रबरी बुचं बसवावीत. रात्री दहा ते सकाळी सहा मिक्सर लावू नये. स्पीकर फरशीवरून उचलून जाड रबरी मॅटवर ठेवावा आणि त्या वेळेत त्याचा आवाज खोलीबाहेर जाऊ नये. आणि लगतच्या बैठकीतला निर्णय उपविधींप्रमाणे १५ दिवसांत कळवावा.

रबरी बुचांची गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण ती हार्डवेअरच्या दुकानात किरकोळ किमतीत मिळतात, आणि लोखंडी किंवा प्लॅस्टिकच्या पायाने फरशीवर होणारा तो खर्रर्र आवाज त्यांनी जवळपास संपतो. समितीतल्या माणसाला ‘त्यांना शिस्त लावा’ यापेक्षा ‘सोळा बुचं बसवा’ हे सांगणं फार सोपं जातं.

अर्जात एक गोष्ट मुद्दाम नव्हती. मुलं अविवाहित आहेत, बाहेरगावची आहेत, रात्री-बेरात्री येतात, यातलं काहीच नव्हतं. हे लिहिलं की समितीची चर्चा आवाजावरून घसरते आणि ‘यापुढे बॅचलरना घर द्यायचंच नाही’ यावर येऊन थांबते. त्याने निरपराध मुलांची घरं जातात आणि खुर्च्या तशाच ओढल्या जातात. तक्रार आवाजाची असेल तर अर्जात आवाजच हवा.

बैठक

काकांनी १४ जुलैला सही करून अर्ज ईमेलने पाठवला आणि छापील प्रत ताईंनी कार्यालयात देऊन त्यावर पोचेचा शिक्का घेतला. समितीने महिन्यातून किमान एकदा भेटायचं असतं; बैठक २० जुलैच्या रविवारी होती. एका सदस्याने सुरुवातीलाच म्हटलं, “भाडेकरूंची भांडणं, यात सोसायटीने का पडावं?” मी म्हटलं, “अर्ज ३०४ च्या सभासदांचा आहे आणि ४०४ चे सभासद आपल्याच यादीत आहेत.” त्यावर पुढची चर्चा नीट झाली. प्राधिकारपत्र होतं म्हणून ताईंना बोलावून घेतलं. दहा मिनिटांत त्यांनी वही दाखवली आणि त्या घरी गेल्या.

समितीच्या हातात काय असतं आणि काय नसतं, तेही इथे स्पष्ट करतो. ती सभासदाला पत्र देऊ शकते, दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवू शकते, आणि उपविधींचा भंग चालूच राहिला तर कारणे दाखवा नोटीस देऊन, म्हणणं ऐकून घेऊन, सर्वसाधारण सभेने ठरवलेला दंड लावू शकते. आदर्श उपविधींत ही रक्कम एका आर्थिक वर्षाला जास्तीत जास्त ५,००० रुपये धरली आहे. समिती पाणी किंवा वीज तोडू शकत नाही, भाडेकरूला घरातून काढू शकत नाही, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर कोणाची बदनामी करणं हे तिचं काम नाही. आमच्या एका सदस्याने तसा निरोप टाइप करायला घेतला होता, तो मी थांबवला. गटावर गेलेली तक्रार प्रतिष्ठेची होते आणि मग कोणीच मागे येत नाही.

२२ जुलैला ४०४ च्या मालकांना पत्र गेलं. त्यांना या प्रकाराची काहीच कल्पना नव्हती. मुलं भाडं वेळेवर देत होती, तेवढंच त्यांना ठाऊक. आठवड्याने ते आले, मुलांना घेऊन कार्यालयात बसले. एका मुलाने प्रामाणिकपणे विचारलं, “खुर्चीचा आवाज एवढा खाली जातो?” आम्ही त्याला ३०४ च्या हॉलमध्ये नेलं आणि त्याच्या मित्राला वर खुर्ची ओढायला सांगितली. त्याने एकदम वर पाहिलं. मला वाटतं, त्या सगळ्या पत्रव्यवहारापेक्षा त्या अर्ध्या मिनिटाचा परिणाम जास्त झाला. पण पत्रव्यवहार नसता तर तो मुलगा तिथे उभाच राहिला नसता. २९ जुलैला काकांना लेखी उत्तर गेलं.

उत्तर आलं नाही तर

सगळीकडे असं सुरळीत होत नाही. बैठक झाली, १५ दिवस गेले, उत्तर नाही, तर मालकाने पोचेच्या तारखेचा उल्लेख करून एक स्मरणपत्र द्यावं. तरीही काही नाही तर समितीच्या निष्क्रियतेबद्दल सभासद या नात्याने सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे दाद मागता येते. मालकच हलत नसेल, तर भाडेकरूने तेच पत्र सचिवांना स्वतःच्या नावाने, मालकाला प्रत देऊन द्यावं. त्याला मुदतीचं बळ नसलं, तरी नोंद होते.

एका वाटेला मात्र मालकाची सही लागत नाही. रात्री दहानंतर मोठ्याने गाणी चालू असतील तर ११२ वर फोन करायला भाडेकरू, मालक, पाहुणा सगळे सारखेच. आवाज चालू असतानाच फोन करावा, कारण पोलीस येईपर्यंत शांतता झाली तर सांगण्यासारखं काही उरत नाही. खुर्ची ओढण्यासाठी मात्र पोलिसांना बोलावू नये. ते येऊन जातात आणि शेजार कायमचा बिघडतो.

आणि काही आवाज तक्रारीचे नसतातच. तान्ह्या मुलाचं रडणं, आजारी माणसाची रात्रीची ऊठबस, दिवसा मुलांचं खेळणं, साधी पावलं. पाचसहा इंची काँक्रीटचा पडदा मध्ये असला तरी माणसं एकमेकांना ऐकू येणारच. उपविधीतला ‘त्रास’ हा शब्द याच्यासाठी नाही.

ताईंनी ८ ऑगस्टपासून पुन्हा चौदा रात्री वही लिहिली, काकांना आणि समितीला फरक पडला की नाही ते कळवायला. हेही लोक विसरतात. मग तक्रार दप्तरात कायम उघडीच राहते. अकराच्या जागी आता दोन रात्री होत्या, त्यातली एक शनिवारची, साडेबाराला आटोपलेली. वहीतली शेवटची ओळ त्यांनी मला दाखवली होती : ‘२१-२२ ऑगस्ट. १:३५, वर पावलं. कूस बदलली, झोप लागली.’